‘लिंक बायोमध्ये’ लिहून पुढे काय?

इन्स्टाग्रामवर पोस्टच्या मजकुरात वेबसाइटचा पत्ता टाकला, तर तो नुसता दिसतो. त्यावर बोट ठेवून काही उघडत नाही. म्हणूनच ‘लिंक बायोमध्ये’ हे शब्द घराघरांत पोचले. पण या दोन शब्दांत माणसाला फक्त दिशा मिळते. तिथं जाऊन नेमकं काय दाबायचं आणि ते दाबण्याची तसदी का घ्यायची, हे सांगायचं राहूनच जातं.

देवगडचा एक हापूस बागायतदार डोळ्यांसमोर आणू. पेट्या भरतानाची त्याची रील हजारो लोक पाहतात. खाली लिहिलेलं असतं: ‘अधिक माहितीसाठी लिंक बायोमध्ये.’ पुण्यातली एखादी गृहिणी रील थांबवते, प्रोफाइलवर जाते. तिथं बागेच्या वेबसाइटचा पत्ता आणि त्याला चिकटून ‘आणि आणखी 3’ असं काहीसं दिसतं. एप्रिल 2023पासून इन्स्टाग्राम पाचपर्यंत लिंक ठेवू देतं, पण प्रोफाइलवर थेट दिसते ती पहिलीच. बाकीच्या टॅप केल्यावर यादीत उघडतात. यातली आपल्या कामाची कोणती, हे त्या गृहिणीला कुणीच सांगितलेलं नाही. ती परत फिरते आणि पुढची रील पाहू लागते.

तिच्या मनातले प्रश्न साधे असतात. पेटी केवढ्याला, आमच्या भागात येते का, आणि कधी येईल? ‘अधिक माहिती’ या शब्दांत यातल्या एकाचंही उत्तर नाही. दाबण्याचं कारण तिच्या शंकेतून यायला हवं. बागायतदारानं असं लिहिलं तर बघा:

‘पुण्यासाठी 5 डझनांची पेटी, बुकिंग शुक्रवारपर्यंत. आमच्या नावावर टॅप करा, प्रोफाइलवरच्या लिंकांमध्ये “पुण्यात पेटी मागवा” निवडा. आजचा भाव आणि पेटी पोचण्याचा दिवस तिथं दिसेल.’

यात कुठं टॅप करायचं आणि काय निवडायचं, हे दोन्ही सांगितलेलं आहे. मजकुरातच `@` लावून स्वतःच्या खात्याचं नाव लिहिलं, तर त्या नावावर टॅप करता येतं आणि माणूस थेट प्रोफाइलवर पोचतो. मात्र हे सगळं मजकुराच्या सुरुवातीला हवं. पहिल्या ओळी-दोन ओळींनंतरचा भाग `more`मागे झाकला जातो, आणि तो उघडणारे थोडेच. हॅशटॅग शेवटी गेले तरी चालतात.

आता प्रोफाइलची बाजू. `Edit profile`मध्ये `Links` उघडून लिंक जोडताना पत्त्यासोबत शीर्षकही देता येतं. ते शीर्षक पोस्टमधल्या शब्दांशी हुबेहूब जुळलं पाहिजे. पोस्टमध्ये ‘पुण्यात पेटी मागवा’ आणि यादीत ‘आमचं दुकान’ असेल, तर माणूस गोंधळलाच. बायोला 150 अक्षरांची मर्यादा आहे, आणि काना, मात्रा, वेलांटी वेगळ्या मोजल्या गेल्यानं देवनागरीत ती जागा लवकर संपते. तेव्हा बागेचं वर्णन आटोपतं घ्यावं आणि लिंकच्या लगेच वर येणारी शेवटची ओळ सूचनेसाठी राखावी. लिंकही थेट पुण्याच्या बुकिंगच्या पानावर उघडावी, वेबसाइटच्या मुखपृष्ठावर नव्हे.

‘पहिली लिंक दाबा’ असं मात्र लिहू नये. रील महिनोन्‌महिने फिरत राहते आणि मधल्या काळात लिंकांचा क्रम बदलतो. मग जुन्या रीलवरून आलेला माणूस भलत्याच पानावर जातो. शीर्षकाचं नाव सांगितलं की क्रम बदलला तरी बिघडत नाही.

सूचना लागू पडली की नाही, हे व्यावसायिक खात्याच्या `Insights`मध्ये कळतं. प्रोफाइलवर किती लोक आले आणि बाहेरच्या लिंकवर किती टॅप झाले, हे आकडे शेजारी ठेवून वाचावेत. रील खूप पाहिली गेली, पण प्रोफाइलवर फारसं कुणी आलं नाही, तर दोष बहुधा पोस्टच्या मजकुरात असतो. लोक प्रोफाइलवर येऊन लिंक न दाबताच परतत असतील, तर बायोची शेवटची ओळ आणि लिंकचं शीर्षक तपासावं. टॅप भरपूर आणि बुकिंग तुरळक असेल, तर पुढच्या पानावर भाव किंवा तारीख सापडत नसावी. तिथं पोस्ट कितीही सुधारली तरी फरक पडणार नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर फरक कशानं पडला ते उमगत नाही.

आणि हंगाम संपला म्हणून ती लिंक काढून टाकू नका. रील जूनमध्येही कुणाच्या तरी समोर येणार आहे. शीर्षक तेच ठेवून त्या पानावर ‘या वर्षीचं बुकिंग संपलं, पुढच्या हंगामासाठी इथं नंबर नोंदवा’ असं लिहावं.