मार्च महिन्यात हरवलेला माल

मरोळ नाक्यावर सिग्नलला थांबलेल्या रिक्षांच्या पाट्या पाहिल्या, तर बहुतेकांवर MH-02 दिसतं. MH म्हणजे महाराष्ट्र, 02 म्हणजे अंधेरी आरटीओ, मग मालिकेची अक्षरं आणि शेवटी धावता नंबर. मालिकेत I आणि O ही अक्षरं घेत नाहीत, कारण ती 1 आणि 0 सारखी दिसतात. नुसता 1905 हा नंबर हजार गाड्यांवर असेल, पण पुढच्या अक्षरांमुळे गाडी एकच ठरते.

मरोळ एमआयडीसीतल्या एखाद्या गाळ्यात मालाचे कोड बनतात ते याच तत्त्वावर, फक्त आरटीओच्या जागी एक्सेलची शीट असते. समजा, पितळी व्हॉल्व्ह आणि फिटिंगचा व्यापार आहे. वहीत वर्षानुवर्षं नुसते अनुक्रमांक चालत आलेत: 47, 310, 1905. गोदामात 47 मागितला की पोऱ्या विचारतो, ‘व्हॉल्व्हमधला की सजावटीच्या हँडलमधला?’ म्हणून मालक ठरवतो की वर्गाच्या इंग्रजी नावाची पहिली तीन अक्षरं पुढे लावायची आणि मध्ये आडवी रेघ द्यायची. A रकान्यात वर्ग, B मध्ये अनुक्रमांक, C मध्ये सूत्र:

```
=UPPER(LEFT(TRIM(A2),3))&"-"&B2
```

TRIM नावाच्या आगेमागे राहिलेली मोकळी जागा काढतं, LEFT तीन अक्षरं उचलतं, UPPER ती मोठी करतं आणि & सगळं जोडतं. व्हॉल्व्ह VAL-47 होतो, जहाजांसाठीचं मरीन फिटिंग MAR-1905 आणि डेकोरेटिव्ह हँडल DEC-12.

शीटवर सगळं बरोबर दिसतं. यादी सीएसव्ही फाइल करून दुसऱ्या संगणकावर पाठवली की घोळ सुरू होतो. सीएसव्हीत नुसता मजकूर असतो, ‘हा कोड आहे’ हे त्यात कुठेच लिहिलेलं नसतं. फाइलवर दोनदा क्लिक करून ती उघडली की एक्सेल प्रत्येक नोंद कुणीतरी आत्ताच टाइप केल्यासारखी वाचतं. DEC-12 ची 12 डिसेंबर होते. MAR-1905 चा होतो मार्च 1905 आणि तो दिसतो Mar-05 असा. MAR-2005 हा वेगळा माल असेल, तर तोही Mar-05! रकाना मग ‘टेक्स्ट’ केला, तरी जुना कोड परत येत नाही. 1887 आणि 38412 असे आकडे उमटतात, कारण एक्सेल तारीख दिवसांच्या मोजणीत साठवतं.

हा त्रास फक्त गाळेवाल्यांचा नाही. MARCH1 आणि SEPT1 या जनुकांच्या नावांच्याही अशाच तारखा होत राहिल्या. शेवटी 2020 मध्ये मानवी जनुकांना नावं देणाऱ्या समितीने MARCHF1 आणि SEPTIN1 अशी नवी नावं जाहीर केली. म्हणजे आडवी रेघ काढून टाकणं हाही उपाय नव्हे. मरोळच्या मालकानेही अक्षरंच बदलावीत: मरीनला MRN, डेकोरेटिव्हला DCR. त्यासाठी वर्ग आणि त्याची अक्षरं यांची वेगळी यादी ठेवावी लागते, ‘पहिली तीन’ या सोप्या नियमावर भागत नाही. आलेली सीएसव्ही ‘डेटा’ टॅबमधून आत घ्यावी आणि कोडचा रकाना आधीच टेक्स्ट ठरवावा, हेही तितकंच खरं.

दुसरी खोच शून्यांची. मजकुराच्या क्रमवारीत VAL-310 हा VAL-47 च्या आधी येतो, कारण तुलना एकेका अक्षराची होते आणि 3 हा 4 च्या आधी. म्हणून आकडे सारख्या लांबीचे करावे लागतात:

```
=A2&"-"&TEXT(B2,"00000")
```

इथे A मध्ये आता VAL किंवा MRN ही ठरलेली अक्षरंच आहेत. पाच शून्यं म्हणजे एका वर्गात 99999 पर्यंत जागा. गाळ्याला तेवढी पुष्कळ झाली.

काही जण सूत्राऐवजी सेलच्या फॉरमॅटमध्ये "VAL-"00000 लिहितात. दिसायला VAL-00047 दिसतं, आत मात्र 47 च असतं. बिलाच्या शीटमधून तो कोड शोधला की सापडत नाही. ओळखायला =LEN(C2) पुरे: खरा कोड असेल तर 9, नुसता मुखवटा असेल तर 2.

आडवी रेघही फसवते. वर्डमधून चिकटवलेल्या मजकुरात कधीकधी साध्या रेघेऐवजी थोडी लांब रेघ येते. डोळ्याला फरक कळत नाही, पण एक्सेलच्या लेखी ते वेगळं चिन्ह आहे. चौथं चिन्ह तपासायला:

```
=UNICODE(MID(C2,4,1))
```

उत्तर 45 आलं तर रेघ साधी, 8211 आलं तर लांब.

कोड एकदा तयार झाले की रकाना कॉपी करून ‘पेस्ट व्हॅल्यूज’ने गोठवावा. नाहीतर उद्या कुणी चुकलेला वर्ग दुरुस्त करेल, शीटवरचा कोड बदलेल आणि मांडणीवरच्या खोक्यावर जुनंच स्टिकर राहील. अक्षरं मुद्दाम बदलली असतील, तर शेजारी ‘जुना कोड’ असा रकाना ठेवतात, म्हणजे MAR-1905 चं स्टिकर घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला MRN-01905 मिळतो.