पहाटे तीनसाठी लिहिलेला कागद

समुपदेशकाच्या वहीतलं टिपण सरळ कधीच नसतं. तासभराच्या बोलण्यात जे जसं आलं, ते तसंच उतरलेलं असतं. समजा, नैराश्यावर उपचार घेणाऱ्या तासगावकडच्या एका द्राक्षबागायतदाराचं टिपण समोर आहे. माणूस कल्पनेतला आहे, पण नोंदी अशाच असतात: ‘झोप पहाटे तीनला मोडते. सोसायटीचा माणूस येऊन गेला की दोन दिवस जेवण नको. “माझ्यामुळं सगळे अडकलेत” हे पुन्हा पुन्हा. मंगळवारी रात्री जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार. गोठ्यात जाऊन बसले. दूध काढायची वेळ झाली तसे विचार ओसरले. मेहुण्याशी जमतं. भजन सुटलंय. फवारणीची औषधं घरामागच्या खोलीत.’

सुरक्षा योजनेला लागणारं जवळजवळ सगळं या ओळींत आहे, फक्त क्रम नाही. तो क्रम अमेरिकेतल्या बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन या मानसशास्त्रज्ञांनी बसवून दिला. त्यामागचं निरीक्षण साधं आहे. आत्महत्येचा विचार सदासर्वकाळ सारख्या जोराचा नसतो; तो चढतो, शिखराला जातो आणि उतरतो. चढलेल्या वेळी डोकं नवं काही शोधू शकत नाही, म्हणून काय करायचं ते शांत असताना ठरवून लिहून ठेवायचं. पूर्वी रुग्णाकडून ‘मी जिवाचं काही करणार नाही’ असं लिहून घेण्याची पद्धत होती. तिचा उपयोग होतो असा पुरावा मिळाला नाही, आणि मिळणार तरी कसा? पहाटे तीनला त्या कागदाकडे पाहून माणसानं करायचं काय, हे त्यात लिहिलेलंच नसतं.

समुपदेशक सुरुवात मंगळवारपासून करते. “दादा, त्या दिवशी आधी काय झालं? मग?” असं विचारत ती दिवस उलगडून घेते. दुपारी सोसायटीचा माणूस आला. संध्याकाळी जेवण टळलं. रात्री बायको काही बोलली तरी उत्तर द्यावंसं वाटेना. मग ते वाक्य डोक्यात घुमू लागलं. योजनेची पहिली पायरी इथं सापडते, ती म्हणजे धोक्याच्या खुणा. ‘उदास वाटणं’ ही खूण चालत नाही, कारण नैराश्यात ते रोजचंच असतं. ‘ताट परत पाठवतो, घरच्यांना उत्तर देत नाही, “माझ्यामुळं सगळे अडकलेत” सुरू होतं’ ही खूण चालते, आणि तीही त्याच्याच शब्दांत. समुपदेशकाने ‘अपराधीपणाची भावना’ असं शुद्ध करून लिहिलं, तर ऐन वेळी त्याला ते स्वतःचं वाटणार नाही.

दुसरी पायरी एकट्यानं करायच्या गोष्टींची. टिपणातला गोठा इथं येतो, कारण मंगळवारी तो उपयोगी पडला होता. म्हशीला वैरण टाकणं, तोंडावर गार पाणी मारणं, मोबाइलवर कुस्तीचे जुने फड पाहणं, असं त्यानेच सुचवलं. इथं समुपदेशक एक प्रश्न हमखास विचारते, “हे खरंच कराल का? आडवं काय येईल?” तो म्हणाला, गोठ्याची वाट घरामागच्या त्या खोलीवरूनच जाते. हा प्रश्न विचारला नसता, तर कागदावर छान दिसणारी पायरी त्याला नको त्या दारापाशी घेऊन गेली असती.

तिसऱ्या आणि चौथ्या पायरीत गल्लत फार होते. तिसरीत अशी माणसं आणि ठिकाणं येतात, की जिथं मन दुसरीकडे लागतं; तिथं त्रास सांगायचा नसतो. पारावरची मंडळी, सकाळी दूध डेअरीवरची रांग. भजनी मंडळही त्याने पटकन सांगितलं, पण जाणं सुटलेलं असल्यामुळे ते तूर्त बाहेर ठेवलं. चौथीत मात्र ज्याला ‘आज फार वाईट चाललंय’ असं उघड सांगता येईल, तेच माणूस हवं. मेहुणा तिथं येतो, नंबरासह. त्यालाही आधी बोलावून सांगावं लागतं. कारण काहीच ठाऊक नसलेला माणूस ‘अरे, मन घट्ट कर’ म्हणून फोन ठेवतो, आणि त्या वाक्यानंतर पुन्हा फोन लावायची हिंमत उरत नाही. बायकोचं नाव त्याने घालू दिलं नाही, “तिला आणखी घोर नको” म्हणाला. समुपदेशकाने जबरदस्ती केली नाही. मात्र धोक्याच्या खुणा बायकोला माहीत असाव्यात, एवढ्यावर त्याला राजी केलं. ताट परत गेलेलं आधी तीच पाहणार.

पाचवी पायरी व्यावसायिक मदतीची: समुपदेशकाचा नंबर, जिल्हा रुग्णालयातला मनोविकार विभाग, चोवीस तास चालणारी टेलिमानसची सरकारी हेल्पलाइन १४४१६, जिथं मराठीत बोलता येतं, आणि जीव धोक्यात असेल तर ११२. पायऱ्या क्रमाने चढायलाच हव्यात असं मुळीच नाही. विचार अनावर असतील तर थेट इथं यायचं, हे कागदावर ठळक लिहितात.

सहाव्या पायरीला मी सगळ्यात जास्त वजन देईन: घातक वस्तू हाताशी नसणं. विचाराचा जोर पुष्कळदा थोडाच वेळ टिकतो आणि तेवढा वेळ काढता आला तर जीव वाचतो. श्रीलंकेत अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली, तसं देशातल्या आत्महत्यांचं एकूण प्रमाण उतरलं. पण त्याच देशात हजारो घरांना कीटकनाशकांसाठी कुलपाच्या पेट्या देऊन पाहिल्या, तेव्हा २०१७ मध्ये आलेल्या निष्कर्षांत फरक दिसला नाही. यावरून मी एवढंच घेतो की घरातल्या घरात कुलूप लावून निश्चिंत होऊ नये. म्हणून या योजनेत औषधं मेहुण्याच्या शेडमध्ये गेली. फवारणीच्या दिवशी तोच लागेल तेवढं घेऊन येणार आणि उरलेलं परत नेणार. नैराश्याच्या गोळ्याही एकदम महिन्याच्या न देता आठवड्याच्या आणि बायकोच्या ताब्यात. दारूही याच पायरीत येते, कारण दोन घोटांनंतर वरच्या पाचही पायऱ्या आठवत नाहीत.

कागद एका पानाचा. एक प्रत पाकिटात, एकीचा फोटो मोबाइलमध्ये, एक मेहुण्याकडे. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत १,६४० रुग्णांवर झालेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. तातडीच्या विभागातून घरी जाताना अशी योजना आणि नंतर विचारपूस करणारे फोन मिळालेल्यांमध्ये पुढच्या सहा महिन्यांत आत्मघाती वर्तन सुमारे ४५ टक्क्यांनी कमी आढळलं. त्यातलं श्रेय कागदाचं किती आणि फोनचं किती, हे वेगळं काढता येत नाही. शिवाय ही योजना म्हणजे उपचार नव्हे. गोळ्या आणि समुपदेशन चालूच राहतं. कानात आवाज येत असतील, किंवा ‘आज रात्री स्वतःला सांभाळू शकेन’ असं माणूस सांगूच शकत नसेल, तर कागद देऊन घरी पाठवणं चूक. त्याला दाखल करावं लागतं, आणि तोवर एकटं सोडायचं नाही.

पुढच्या भेटीत समुपदेशक तोच कागद उघडायला लावते. पारावर गेल्यावर सगळे द्राक्षाच्या दराचंच बोलतात आणि डोकं आणखी फिरतं, असं तो सांगतो. ती ओळ खोडली जाते. तिथं बहिणीच्या मुलाला शाळेतून आणायला जाणं लिहिलं जातं, वेळेसकट.