हिरवं वांगं, जांभळी सवय आणि १.६ चा जोर

हिवाळा लागला की जळगाव-धुळ्यात भरिताचे बेत सुरू होतात, आणि भरीत सेंटरवाल्यांना फ्लेक्स व व्हॉट्सअ‍ॅपच्या जाहिराती लागतात. हल्ली त्यातली बरीचशी चित्रं स्टेबल डिफ्युजनसारख्या इमेज मॉडेलकडून काढून घेतली जातात. पहिली अडचण वांग्याचीच येते. आपलं भरिताचं वांगं मोठं, फिक्या हिरव्या रंगाचं, अंगावर पांढरट रेघा असलेलं. 'जळगाव भरीत वांगी' या नावाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. मॉडेल मात्र वांगं म्हटलं की जांभळंच काढतं, कारण ते इंटरनेटवरच्या ज्या फोटोंवर शिकलं त्यांत वांगी बहुतेक जांभळीच होती.

मग डिझायनर प्रॉम्प्टमधल्या `green` या शब्दाला कंस लावतो आणि जोर वाढवत जातो:

```
photo of a whole (green:1.6) brinjal on a steel plate,
bhakri, garlic, white wall
```

वांगं हिरवं होतं, पण दुधी भोपळ्यासारखं दिसू लागतं. स्टीलच्या ताटलीवर हिरवी झाक येते, भाकरीवर शेवाळ चढल्यासारखं वाटतं आणि मागची पांढरी भिंत पिस्त्याच्या रंगाची होते. जोर एका शब्दाला दिला होता, बिघडलं सगळं चित्र. हे का होतं, ते कंसांबद्दलच्या चार गैरसमजांतून पाहू.

गैरसमज १ : जितके कंस जास्त, तितकी आज्ञा ठाम.

वस्तुस्थिती : कंस म्हणजे गुणाकार. ऑटोमॅटिक-११११ या प्रचलित वेब यूआयमध्ये एक गोल कंस शब्दाचं वजन १.१ पट करतो. दोन कंस लावले की १.२१ पट, तीन लावले की १.३३ पट, चार लावले की १.४६ पट. चौकोनी कंस उलट काम करतो, वजनाला १.१ ने भागतो. `(green:1.6)` असं लिहिलं की हा आकडा थेट दिला जातो.

पण गुणाकार कशाचा होतो? प्रॉम्प्टमधला प्रत्येक शब्द आधी एक किंवा अनेक तुकड्यांत मोडतो आणि प्रत्येक तुकड्याची आकड्यांची एक ओळ तयार होते. स्टेबल डिफ्युजन १.५ मध्ये ती ७६८ आकड्यांची असते. वजन दिलं की ही अख्खी ओळ १.६ ने गुणली जाते. मॉडेलला 'हिरव्या रंगाकडे नीट लक्ष दे' असा अर्थ त्यातून कळत नाही. शिकताना त्याने कधी न पाहिलेल्या मापाची एक ओळ तेवढी त्याच्या हातात येते. १.१ ते १.३ च्या टप्प्यात ते ती सांभाळून घेतं. १.५ च्या पुढे रंग भडक होणं, कडा जळाल्यासारख्या दिसणं, आकार वेडेवाकडे होणं सुरू होतं. ही हद्द मॉडेलगणिक थोडी मागेपुढे सरकते, म्हणून आकडा पाठ करण्यापेक्षा चित्र पाहून ठरवलेला बरा.

गैरसमज २ : जोर दिलेल्या शब्दाचाच परिणाम वाढतो, बाकीचे शब्द जागच्या जागी राहतात.

वस्तुस्थिती : चित्राचा प्रत्येक छोटा भाग तयार होताना तो प्रॉम्प्टमधल्या सगळ्या शब्दांकडे पाहतो आणि कोणाचं किती ऐकायचं ते ठरवतो. या वाट्यांची बेरीज नेहमी एकच असते. घरच्या वाटणीत एका भावाचा वाटा वाढला की दुसऱ्याच्या वाट्यातून तो जातोच. `green` चा वाटा वाढला तेव्हा `steel`, `bhakri` आणि `white wall` यांचे वाटे घटले. म्हणूनच ताटलीचं स्टीलपण आणि भिंतीचा पांढरेपणा आधी गेला.

दुसरं कारण त्याहून सूक्ष्म आहे. या मॉडेलमधला मजकूर वाचणारा भाग डावीकडून उजवीकडे वाचतो, आणि पुढच्या शब्दाची ओळ तयार करताना मागच्या शब्दांचा अर्थ तिच्यात मिसळतो. त्यामुळे `brinjal`, `plate`, `bhakri` या सगळ्यांच्या ओळींत 'हिरवा' थोडाथोडा आधीच मुरलेला असतो. साध्या प्रॉम्प्टमध्ये ते जाणवत नाही. जोर दिला की जाणवतं. शिवाय वजनाला जागेचं भान नसतं. 'हिरवं फक्त वांग्यावर' असं सांगायची कोणतीही सोय कंसात नाही.

याची परीक्षा सोपी आहे. चित्रातल्या वांग्यावर हात ठेवा आणि उरलेलं चित्र पाहा. ताटली राखाडी दिसते का? लसूण पांढरा आहे का? नसेल तर जोर जास्त झाला. ज्या वस्तूला जोर दिला तिच्याकडेच डोळे जातात, म्हणून बिघाड लक्षात यायला उशीर होतो.

गैरसमज ३ : १.४ म्हणजे सगळीकडे १.४.

वस्तुस्थिती : एकाच आकड्याचा अर्थ प्रत्येक साधनात वेगळा असतो. ऑटोमॅटिक-११११ गुणाकारानंतर सगळ्या आकड्यांची सरासरी पुन्हा मूळ पातळीवर आणतो. जोर वाढलेला शब्द तिथे बाकीच्यांना किंचित खाली दाबतो, पण एकूण आवाज आटोक्यात राहतो. कम्फीयूआय ही सरासरी जुळवत नाही. तो रिकाम्या प्रॉम्प्टपासून शब्द किती दूर आहे ते मोजतो आणि ते अंतर वाढवतो. ऑटोमॅटिक-११११ मधून उचललेला प्रॉम्प्ट कम्फीयूआयमध्ये जसाच्या तसा चिकटवला की चित्र अनेकदा जास्त भडक येतं, ते यामुळे.

मिडजर्नीत कंसांना अर्थच नाही. तिथे दोन अपूर्णविराम लागतात, `brinjal::2 plate::1` असे. ते प्रॉम्प्टचे वेगळे तुकडे पाडतात, आणि आकडे एकमेकांच्या तुलनेत मोजले जातात. म्हणजे २ आणि १ दिले काय किंवा ४ आणि २ दिले काय, फळ तेच. साध्या वाक्यात सांगितलेलं समजून घेणाऱ्या चॅटमधल्या इमेज टूलला तर `(green:1.6)` हा नुसता विचित्र मजकूर वाटतो. तिथे 'वांगं फिकं हिरवं, बाकी ताट आणि भिंत जशीच्या तशी' असं वाक्यच लिहायचं.

गैरसमज ४ : मॉडेलला शब्द कळत नसेल तर जोर देऊन कळवता येतो.

वस्तुस्थिती : गुणाकार आहे ते वाढवतो, नसलेलं आणत नाही. `bharit` ला १.६ दिलं तर वरणासारखा, चटणीसारखा काहीतरी ढीग ताटात येतो, तोही जास्त भडक. देवनागरीत 'भरीत' लिहिलं तर परिस्थिती आणखी वाईट. इंग्रजी मजकुरावर वाढलेला हा वाचक त्या चार चिन्हांचे बारापर्यंत तुकडे करतो. एका वेळी तो ७५ तुकडेच वाचतो, त्यातले एवढे अर्थाशिवाय वाया जातात. त्यांना जोर देणं म्हणजे गोंगाट वाढवणं.

इथे नाव सोडून वर्णन द्यावं लागतं: भाजून ठेचलेल्या वांग्याचा ओबडधोबड लगदा, वर हिरव्या मिरच्या, शेंगदाणे, कांद्याची पात. हे शब्द इंग्रजीत मॉडेलच्या ओळखीचे आहेत.

उलटी चूकही होते. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याची मिरचीची बाजारपेठ प्रसिद्ध आहे. तिखटाच्या पाकिटासाठी वाळत घातलेल्या मिरच्यांचं चित्र हवं असेल आणि सवयीने `(red:1.5)` लिहिलं, तर हिशेब चुकतो. मिरच्या लाल असतात हे मॉडेलला आधीच पक्कं ठाऊक आहे. तिथला जोर मिरच्यांना काही देत नाही, तो जमिनीला आणि गोणपाटाला लाल करतो. म्हणून पहिलं चित्र नेहमी बिनकंसाचं काढायचं, आणि जे हुकलं असेल तेवढ्यालाच हात लावायचा.

मग वांगं हिरवं करायचं कसं?

आधी सीड एकच ठेवा, नाहीतर बदल कंसामुळे झाला की योगायोगाने, ते कळणार नाही. ऑटोमॅटिक-११११ मध्ये एक्स-वाय-झेड प्लॉट घेऊन त्यातल्या `Prompt S/R` मध्ये हे भरायचं:

```
green:1.0, green:1.15, green:1.3, green:1.6
```

प्रॉम्प्टमध्ये `(green:1.0)` लिहिलेलं असलं की पुढचे आकडे त्या जागी आपोआप बदलत जातात आणि चार चित्रं एका रांगेत मिळतात. ताटलीचा रंग कोणत्या चित्रापासून ढळला, तिथे तुमची हद्द. त्याच्या एक पायरी अलीकडे थांबायचं.

त्या हद्दीच्या आत वांगं पुरेसं हिरवं होत नसेल, तर एकट्या रंगाऐवजी पूर्ण वस्तूचं वर्णन कंसात घ्या आणि जांभळ्याला नकारात्मक प्रॉम्प्टमध्ये टाका:

```
(pale green brinjal with white streaks:1.15)
Negative prompt: purple
```

आता वजन कमी आहे, आणि ते रंग, वस्तू व रेघा या सगळ्यांना सारखंच मिळतं. रंग वांग्याला धरून राहतो. नकारात्मक प्रॉम्प्टमधल्या `purple` लाही जोर देण्याचा मोह टाळा. जांभळ्यापासून फार दूर ढकललं तर सगळं चित्र पुन्हा हिरवट-पिवळट होतं.

तरीही वांग्याचा आकार बाजारातल्यासारखा येईलच असं नाही, कारण असलं वांगं मॉडेलने फारसं पाहिलेलं नाही. इथे कंसांची हद्द संपते आणि मास्कची सुरू होते. इनपेंटमध्ये फक्त वांग्यावर ब्रश फिरवायचा, आणि तेवढ्याच जागेसाठी वेगळा प्रॉम्प्ट द्यायचा. मास्कला जागा कळते, वजनाला कळत नाही. तिथे हिरव्याला जोर दिला तरी ताटली सुरक्षित राहते, कारण ती मास्कच्या बाहेर आहे.

जाहिरातीसाठी मात्र सगळ्यात खात्रीचा मार्ग साधा आहे. बाजारातून आणलेलं खरं वांगं खिडकीजवळच्या उजेडात ठेवून मोबाइलवर फोटो काढायचा. वांगं तसंच ठेवून भोवतालचं ताट, शेकोटी, भिंत मॉडेलकडून करून घ्यायची. मराठी अक्षरं शेवटी कोरल ड्रॉमध्ये टाकायची. ज्या मालाला त्याच्या रूपावरून आणि गावावरून मान मिळाला, त्याच्या जाहिरातीत दुधी भोपळ्याच्या तोंडवळ्याचं वांगं छापलं, तर ते पहिल्यांदा ओळखणार ते गिऱ्हाईकच. त्याने लहानपणापासून ते वांगं पऱ्हाटीच्या जाळावर भाजताना पाहिलेलं असतं.