वीज आत, माहिती बाहेर?

विमानतळ, मॉल, रेल्वे स्थानक, लांब पल्ल्याच्या बसची सीट, अशा ठिकाणी हल्ली यूएसबी चार्जिंग पॉइंट असतात. फोन संपत आला की आपण तिथे केबल लावतो. पण त्या केबलमधून फक्त वीजच येते असे नाही. साध्या यूएसबी पोर्टमध्ये धातूच्या चार पट्ट्या असतात. दोन विजेसाठी आणि दोन माहितीची ये-जा करण्यासाठी. पोर्टच्या मागे साधा चार्जर आहे की छोटा संगणक, हे बाहेरून बघून कळत नाही.

२०११ साली लास व्हेगासच्या ‘डेफ कॉन’ या हॅकरांच्या परिषदेत काही जाणकारांनी मोफत चार्जिंगचा एक कियॉस्क ठेवला. फोन जोडला की पडद्यावर इशारा यायचा, की अशा पॉइंटवरून फोनमधली माहिती काढून घेता येते. कोणाची माहिती घेतली नाही, पण सुरक्षेचेच काम करणाऱ्या ३६० हून अधिक लोकांनी तिथे फोन लावला होता. ‘ज्यूस जॅकिंग’ हे नाव तेव्हाच रूढ झाले.

फोन बनवणाऱ्या कंपन्यांनी यावर उपाय केला. आयफोन नव्या संगणकाला जोडला की ‘या संगणकावर विश्वास ठेवायचा का?’ असे विचारू लागला. अँड्रॉइड फोनही जोडल्यावर आधी फक्त चार्ज होतो, फाइली द्यायच्या तर मालकाने परवानगी द्यावी लागते. परवानगी फोनचा मालकच देणार, या गृहीतकावर ही सगळी सुरक्षा उभी होती.

ऑस्ट्रियातल्या ग्राझ तांत्रिक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२५ मध्ये नेमके हेच गृहीतक मोडून दाखवले. या हल्ल्याला त्यांनी ‘चॉइसजॅकिंग’ म्हटले. त्याची एक रीत अशी: चार्जर आधी फोनला सांगतो, की मी कीबोर्ड आहे. कीबोर्ड जोडायला फोन सहसा परवानगी मागत नाही. मग हा खोटा कीबोर्ड कळा दाबून ब्लूटूथ सुरू करतो आणि चार्जरमध्येच लपलेला दुसरा, ब्लूटूथवरचा कीबोर्ड फोनला जोडून घेतो. त्यानंतर चार्जर आपली भूमिका बदलून संगणक होतो आणि फाइली मागतो. फोन पडद्यावर परवानगी विचारतो, आणि ब्लूटूथवरचा तो कीबोर्डच ‘हो’ दाबून टाकतो. मालकाचे बोट कुठेच लागत नाही.

यासाठी फोनचे कुलूप बहुधा उघडे असावे लागते, म्हणजे चार्जिंगला लावून आपण व्हिडिओ पाहत असतो तीच वेळ धोक्याची. ॲपलने आयओएस १८.४ पासून अशा जोडणीसाठी पासकोड मागायला सुरुवात केली. अँड्रॉइडच्या नव्या आवृत्तीतही ओळख पटवावी लागते, पण ते सगळ्या कंपन्यांच्या फोनवर सारखे लागू झालेले नाही. म्हणून अपडेट टाळू नये.

धोका किती मोठा, हेही नीट समजून घ्यावे. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने प्रवाशांना सावध केले, पण अशी खात्रीने सिद्ध झालेली एकही घटना आपल्याला माहीत नसल्याचेही नमूद केले. भारतात रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या फसवणूकविषयक पुस्तिकेत ज्यूस जॅकिंगचा समावेश केला. घाबरून जाण्याजोगे हे नाही, पण टाळणे इतके सोपे आहे की टाळायलाच हवे.

सर्वांत पक्का उपाय म्हणजे आपला स्वतःचा ॲडॅप्टर आणि स्वतःची केबल भिंतीतल्या नेहमीच्या सॉकेटमध्ये लावणे. त्या सॉकेटमधून वीजच येते, तुमच्या फाइली मागायची सोय तिथे नसते. सॉकेट नसेल तर पॉवर बँक वापरावी, आणि यूएसबी पोर्टशिवाय इलाज नसेल तर त्या पोर्टवरून पॉवर बँकच भरून घ्यावी, फोन नव्हे. माहितीच्या तारा नसलेली, फक्त चार्जिंगची केबलही मिळते. ती सोबत असली तर बरे.

अनोळखी केबल मात्र हातीही धरू नये. ‘ओ.एमजी’ नावाची केबल दिसायला अगदी नेहमीसारखी असते, पण तिच्या टोकात छोटी चिप आणि वाय-फाय असते. संगणकाला लावली की ती कीबोर्डसारखी वागून दुरून आलेल्या आज्ञा टाइप करू शकते. ती सुरक्षा तपासणाऱ्यांसाठी उघडपणे विकली जाते. म्हणून कोणी विसरलेली किंवा फुकट वाटलेली केबल, विशेषतः लॅपटॉपला, लावू नये.

नाइलाजाने सार्वजनिक पोर्ट वापरलाच तर फोन बंद करून किंवा निदान लॉक करून ठेवावा. चार्ज होताना पडदा आपोआप हलला, ब्लूटूथ स्वतःहून सुरू झाले, किंवा परवानगीची चौकट क्षणभर चमकून गेली, तर लगेच केबल काढावी. मग ब्लूटूथच्या यादीतले अनोळखी उपकरण काढून टाकावे आणि आयफोनमध्ये Reset Location & Privacy हा पर्याय वापरावा, म्हणजे आधी विश्वास ठेवलेले संगणक विसरले जातात. अँड्रॉइडमध्ये USB debugging बंद असल्याची खात्री करावी. खात्यातून पैसे गेल्याचे दिसले तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर आणि आपल्या बँकेला ताबडतोब फोन करावा.