मीटरमागे सव्वीस रुपये

नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतला एक मध्यम आकाराचा केबल कारखाना. गोष्ट कल्पित आहे, पण तिच्यातली चूक कुठल्याही कारखान्यात होऊ शकते. एका महापालिकेच्या निविदेत तांब्याची ४०,००० मीटर केबल मागितली आहे. दर भरण्याची मुदत दुसऱ्या दिवशी दुपारी तीनची. विक्री विभागातली कारकून ईआरपीमध्ये, म्हणजे खरेदी, साठा, विक्री आणि हिशेब एकत्र ठेवणाऱ्या संगणकप्रणालीत, दरपत्रक तयार करते. माल आणि ग्राहक निवडला की दर आपोआप येतो. दर आला मीटरला २१२ रुपये.

तिला तो खटकला. महिन्यापूर्वी एका ठेकेदाराला याच केबलचं ३०० मीटरचं बिल तिनंच केलं होतं, २३८ रुपयांनी. तिनं ते बिल काढलं आणि विक्री व्यवस्थापकांकडे गेली.

"मोठी ऑर्डर आहे, कोणी तरी कमी लावला असेल," ते म्हणाले.

"साहेब, सवलत दिली असती तर सवलतीच्या रकान्यात दिसली असती. तो रकाना रिकामा आहे. मूळ दरच २१२ आलाय."

हे तिचं निरीक्षण नेमकं होतं. मोठ्या मागणीला दर कमी असणं स्वाभाविक, त्यामुळे चुकीचा कमी दर सवलतीसारखा दिसून नजरेतून निसटतो. पण ठरवून दिलेली सवलत मूळ दराखाली वेगळी नोंदलेली असते. इथे मूळ दरच चुकला होता.

तो का चुकला? ईआरपीत एकाच मालाच्या अनेक दरयाद्या असतात: वितरकांची वेगळी, सरकारी खात्यांची वेगळी. कोणाला कुठली यादी लागू, हे ग्राहकाच्या किंवा ग्राहकगटाच्या नोंदीत ठरतं. मुंबईच्या फ्रापे कंपनीच्या ईआरपीनेक्स्टमध्ये या रकान्याचं नाव `Default Price List` आहे. एप्रिलमध्ये तांबं महागल्यावर कारखान्यानं नव्या याद्या केल्या. वितरकांच्या गटाला नवी यादी जोडली गेली, सरकारी गटाला जोडायची राहिली. जुन्या दरांपुढचा मुदत संपण्याचा रकानाही कोरा होता, म्हणून ते चालूच राहिले. वितरकांची बिलं रोज होतात, तिथली चूक दोन दिवसांत कळली असती. सरकारी यादी चार-सहा महिन्यांतून एकदा वापरली जाते, म्हणून तिथली तशीच पडून राहिली.

खर्चाहून कमी दर लावल्यास ईआरपीनं इशारा द्यावा, अशी सोयही होती. तरी इशारा आला नाही, कारण ती सोय गोदामातल्या मालाची सरासरी किंमत पाहते. गोदामात स्वस्त तांब्याचा माल होता, सरासरी २०५ रुपये. आजच्या तांब्यानं केबल करायला मात्र २२१ रुपये लागणार होते. म्हणजे २१२ या दरानं मीटरमागे नऊ रुपये तोटा, एकूण ३ लाख ६० हजारांचा. आणि २३८च्या मूळ दराशी तुलना केली, तर मीटरमागे सव्वीस रुपयांप्रमाणे १० लाख ४० हजारांचा फरक.

निविदेत ही चूक जास्त घातक ठरते. साध्या ग्राहकाला फोन करून दुरुस्त दर कळवता येतो. ई-निविदेत मुदत संपेपर्यंत दर बदलून पुन्हा भरता येतात. दर उघडल्यावर ते बंधनकारक असतात आणि माघार घेतली तर बयाणा रक्कम जप्त होऊ शकते. शिवाय पात्र निविदाकारांत सामान्यतः सर्वांत कमी दराला काम मिळतं. त्यामुळे चुकून लावलेला कमी दर जिंकण्याची शक्यता जास्त असते, आणि जिंकल्यावर तोट्यात माल पुरवावा लागतो.

त्या संध्याकाळी दुरुस्ती झाली. दरपत्रकात हातानं २३८ टाकून वेळ निभावता आली असती, पण पुढच्या सरकारी मागणीला पुन्हा २१२ च आले असते. म्हणून आधी सरकारी गटाला नवी यादी जोडली, मग जुन्या दरांना शेवटची तारीख घातली. आधी जतन केलेल्या मसुद्यात जुनाच दर राहिला होता. यादी बदलली म्हणून तो आपोआप बदलत नाही. तिनं तो मसुदा रद्द करून नवा केला आणि निविदेतल्या बाकीच्या मालाचे दरही ताज्या बिलांशी ताडून पाहिले. व्यवस्थापकांनी मोठ्या मागणीसाठी विचारपूर्वक सवलत दिली आणि मीटरला २३३ रुपये दर भरला. सवलतीचे पाच रुपये या वेळी त्यांच्या रकान्यात दिसत होते.

नंतर तिनं एक पद्धत सुचवली आणि ती लागू झाली. दरयादी बदलली की त्याच दिवशी प्रत्येक ग्राहकगटातल्या एका ग्राहकाच्या नावानं चाचणीचं दरपत्रक काढायचं, दर पाहायचा आणि ते रद्द करायचं. गट पाच असतील तर अर्ध्या तासाचं काम. सर्वांत कमी वापरातल्या गटापासून सुरुवात करायची, कारण तिथली चूक दुसरं कोणी पकडणार नसतं.