सुनेच्या वाट्याचे सांत्वन

उमरग्यासारख्या गावात कोणाकडे मयत झाली की दुखवट्याला येणाऱ्यांची रीत ठरलेली असते. पुरुष ओसरीवर मुलाशेजारी बसतात. बायका आत जाऊन लेकींना जवळ घेतात. पुण्याहून, सोलापूरहून धावत आलेल्या लेकींना धीर दिला जातो, आणि तो द्यायलाच हवा. सून मात्र आलेल्यांना पाणी देत, शेजाऱ्यांनी आणलेले पिठले-भाकरी वाढत उभी असते. आपण तिच्याच मैत्रिणी म्हणून गेलेल्या असलात, तरी पहिले शब्द बहुधा तिच्या वाट्याला येत नाहीत.

समजा, पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचे तिने चौदा महिने केले. रुग्णाला स्वतः कूस बदलता येत नसेल, तर साधारण दर दोन तासांनी ती बदलावी लागते. नाहीतर माकडहाड, टाचा आणि खुबे येथे दाब येऊन जखमा होतात. बोटाने दाबल्यावरही लाली जात नसेल, तर जखमेची ती सुरुवात समजायची. म्हणजे रात्री दहा, बारा, दोन, चार आणि पहाटे सहा, असे उठणे आले. नाकातील नळीने अन्न द्यायचे असेल, तर डोक्याकडची बाजू उंच करायची आणि नंतरही अर्धा तास तशीच ठेवायची. अन्यथा अन्न श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. हे सारे करून सकाळी घरचा स्वयंपाक. या कामाला घरात नाव नसते, ‘घरचेच तर आहे’ म्हणून ते मोजलेही जात नाही.

कायद्यातही सून फारशी दिसत नाही. ज्येष्ठांच्या निर्वाहाच्या 2007च्या कायद्यातील ‘अपत्ये’ या व्याख्येत मुलगा, मुलगी, नातू, नात आहेत. सून आणि जावई नाहीत. त्यांना त्यात घेण्याची तरतूद 2019मध्ये लोकसभेत मांडलेल्या दुरुस्ती विधेयकात होती. जबाबदारी लिहून देण्यापूर्वीच ती पार पाडणाऱ्या किती सुना आपल्या ओळखीत आहेत, ते आठवून पाहा.

मृत्यूनंतरही तिचे शरीर तेच वेळापत्रक पाळत राहते. रात्री दोनला जाग येते, हात पलंगाकडे जातो, आणि पलंग रिकामा असतो. पाठ दुखत असते. मनात दुःखाबरोबर सुटकाही असते, आणि त्या सुटकेचीच तिला लाज वाटते. म्हणून ‘चला, मोकळी झालीस एकदाची’ हे वाक्य टाळावे. ती स्वतः तसे म्हणाली तर ऐकून घ्यावे; पण दुसऱ्याच्या तोंडून ते तिला आरोपासारखे लागते. ‘सासूच होती ना, आईसारखी थोडीच’ हे त्याहून वाईट. सासूशी पटत नसलेल्या सुनेचे दुःख तर अधिक गुंतागुंतीचे असते. जिच्याशी भांडायचे होते, तिलाच तिने भरवले, पुसले, न्हाऊ घातले.

मग लिहावे काय? जे आपण पाहिले, तेच.

‘प्रिय सखी, सासूबाई गेल्याचे कळले. तुझ्या घरी आले तेव्हा त्यांची पाठ तू पावडर लावून कोरडी ठेवलेली मी पाहिली होती. चौदा महिन्यांत त्यांना एक जखम होऊ दिली नाहीस. तुम्हा दोघींत पूर्वी काय झाले, हे मला ठाऊक आहे. म्हणून हे अधिक जाणवते. चौदावा दिवस झाला की दुपारी येईन. चहा मी करीन. तुला बोलावेसे वाटले तर बोल, झोपावेसे वाटले तर झोप.’

यात उपदेश नाही, ‘देवाची इच्छा’ नाही. एक पाहिलेली गोष्ट आहे, आणि येण्याचा दिवस आहे. ‘काही लागले तर सांग’ म्हटले, की सांगण्याचे काम पुन्हा तिच्यावरच पडते.

जावयाकडे तर बहुधा कोणी वळतच नाही. सासऱ्यांना दर आठवड्याला डायलिसिससाठी सोलापूरला नेणाऱ्या जावयालाही लोक ‘आता वहिनींना सांभाळा’ एवढेच सांगून निघतात. त्याला थांबवून ‘तुमची किती धावपळ झाली, ते आम्ही पाहिले’ म्हटले, तर तो बहुधा मान खाली घालून उभा राहील. उभा राहू द्यावे.

तेराव्यानंतर घर रिकामे होते, तेव्हा जावे. हवेची गादी परत करायची असते, उरलेली औषधे उचलायची असतात. ती औषधे दुसऱ्या कोणाला देऊ नयेत. तिनेही त्यातील झोपेची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. दोन आठवडे जवळपास रोज दिवसभर उदासी, कशातच मन न लागणे, जेवण-झोप बिघडलेली असे दिसले, तर डॉक्टरांकडे सोबत जावे. मरणाचे विचार बोलून दाखवले, तर वाट पाहू नये आणि तिला एकटे सोडू नये. टेलीमानसच्या 14416 या विनामूल्य क्रमांकावर मराठीतही बोलता येते. पहिला फोन आपण लावून तिच्या हाती द्यावा.