घड्याळाने उठाबशा मोजल्याच नाहीत

गेल्या महिन्यात आपाने घरीच चार किलोच्या डंबेलने व्यायाम सुरू केला. मनगटावर मुलाने दिलेले स्मार्टवॉच होते. पहिल्याच दिवशी तिचा फोन आला, "अगं, मी बारा उठाबशा काढल्या आणि हे तीनच दाखवतंय. बिघडलंय का गं?"

बिघडले नव्हते. घड्याळाला आपण दिसत नाही, त्याला फक्त मनगटाची हालचाल कळते. कोपर वाकवून डंबेल वर-खाली केला की मनगट दरवेळी सारखाच मार्ग कापते, म्हणून तिथे मोजणी बऱ्यापैकी जमते. उठाबशांत आपाने डंबेल दोन्ही हातांनी छातीशी धरला होता. काम पायांनी केले, मनगट मात्र छातीच्या तुलनेत जवळपास स्थिर राहिले. जोर मारताना हात जमिनीला टेकलेले असतात, तिथेही हाच घोळ होतो. घड्याळ डाव्या हातात आणि डंबेल उजव्यात असेल, तर मोजणी होणार तरी कशी?

उलटी चूकही होते. दुपट्टा सावरला, घाम पुसला, तरी एखादा रेप वाढतो. म्हणून सेट संपताच आधी बटण दाबून तो बंद करावा, मग हात हलवावा. एका सेटमध्ये एकच व्यायाम ठेवावा. पहिले दोन-तीन रेप्स होईपर्यंत आकडा दिसला नाही तर घाबरू नये. काही घड्याळे हालचालीची लय ओळखल्यावरच मोजणी दाखवतात.

आपाच्या घड्याळात सेटनंतर विश्रांतीच्या पडद्यावर रेप्स आणि वजन बदलता येते. बऱ्याच घड्याळांत किंवा त्यांच्या मोबाईल ॲपमध्ये ही सोय असते. तीन रेप्स तसेच राहिले असते, तर एका सेटचे उचललेले वजन १२ किलो नोंदले गेले असते. खरे होते ४८. हा फरक महिनाभर साचला, तर वजन कधी वाढवायचे हे नोंदीवरून कळणारच नाही. म्हणून मोजणी तोंडाने करायची आणि आकडा तिथेच दुरुस्त करायचा.

दुसऱ्या आठवड्यात तिने 'स्ट्रेंथ' चालू ठेवूनच भुजंगासन आणि सेतुबंधासन केले. नोंदीत दोन-चार भलतेच रेप्स आले, आसन किती वेळ धरले ते कुठेच नाही. आसनांसाठी 'योगा' निवडावे. तिथे रेप्सची भानगड नसते, वेळ आणि हृदयाचे ठोके नोंदले जातात. मात्र आसन बरोबर जमले की नाही, हे त्यातूनही कळत नाही. आता ती डंबेलचा व्यायाम संपवून जतन करते आणि मगच 'योगा' सुरू करते.

ठोक्यांबाबत एक गोष्ट राहिली. डंबेल घट्ट धरला की मनगटाचे स्नायू ताणले जातात, घड्याळ किंचित सरकते आणि आकडा उड्या मारतो. आपा आता ते मनगटाच्या हाडापासून दोन बोटे वर, पट्टा एक भोक घट्ट करून बांधते. व्यायाम झाला की पुन्हा सैल करते.